‘खोलीचं तापमान’ लिहिलेल्या चाचणी प्रमाणपत्राबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

विषय : 16 मि.मी. जाडीच्या E250 BR प्लेटचा ठिसूळपणा आणि त्यासोबत दिलेलं चाचणी प्रमाणपत्र

महोदय,

हिंगणा एमआयडीसीत माझा फॅब्रिकेशनचा लहान कारखाना आहे. मे महिन्यात तुमच्याकडून आठ प्लेट घेतल्या. ऑर्डरमध्ये IS 2062 E250 BR असं स्पष्ट लिहिलं होतं. त्या प्लेटमधून जड साचे उचलण्याच्या कड्या कापल्या. जानेवारीत एका सकाळी साडेसातला, थंडी कडाक्याची असताना, त्यातली एक कडी नेहमीच्याच वजनाला तुटली. आधी वाकली नाही, ताणली नाही, एकदम तुटली. आमचा हेल्पर दोन पावलं मागे होता म्हणून वाचला. हे आठवलं की अजूनही माझे हातपाय गार पडतात.

भेग गॅस कटिंगच्या एका खाचेपासून निघाली होती, हे मी लपवत नाही. पण कापलेल्या प्लेटला अशा बारीक खाचा राहतातच. खाच असतानाही पोलादाने तडकू नये, म्हणून तर BR ग्रेड मागवतात.

तुमच्या प्रमाणपत्रावर चार्पी चाचणीची सरासरी 46 ज्यूल आहे. BR ला किमान 27 लागतात, म्हणजे कागदावर माल उत्तम. तापमानाच्या रकान्यात मात्र ‘खोलीचं तापमान’ एवढंच लिहिलंय. चाचणीची तारीख 19 मे. मी फोन केला तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की पट्ट्या बाथमध्ये ठेवत नाही, शेडमध्ये असतील तशाच तोडतो. नागपुरात मे महिन्यातली शेड म्हणजे 41-42 अंश! आंतरराष्ट्रीय चाचणी मानकात वेगळं तापमान दिलं नसेल तर 23 अंश, पाच इकडे-तिकडे, असं धरतात.

म्हणून उरलेल्या प्लेटमधून, रोलिंगच्या दिशेने, 10 × 10 × 55 मि.मी.च्या नऊ पट्ट्या काढून दुसऱ्या प्रयोगशाळेत तोडून घेतल्या. मी स्वतः तिथे उभा होतो. प्रत्येक पट्टीची V खाच प्रोजेक्टरवर तपासली. खोली 2 मि.मी., कोन 45 अंश, तळाची गोलाई 0.25 मि.मी. बरोबर होती. खाच बोथट असती तर ज्यूल उलट जास्त आले असते, हे तुम्हाला माहीत आहेच. आधी हातोडा रिकामा सोडून घर्षणाचा तोटा पाहिला, तो 1 ज्यूल होता आणि आकड्यांतून वजा केला. पट्ट्या हव्या त्या तापमानाच्या द्रवात ठेवून, बाहेर काढल्यावर पाच सेकंदांच्या आत तोडल्या.

41 अंशांना 46, 51, 47 ज्यूल आले. म्हणजे तुमचा आकडा खोटा नाही. पण 25 अंशांना 24, 17, 22 आले. सरासरी 21, शिवाय 17 हा आकडा 27 च्या सत्तर टक्क्यांच्याही, म्हणजे साधारण 19 च्या, खाली. 10 अंशांना 9, 8, 10.

या आकड्यांचा अर्थ हातोड्याच्या झोक्यात डोळ्यांनी दिसतो. साधारण 21 किलोचा हातोडा जवळजवळ दीड मीटर उंचीवरून सुटतो, पट्टी तोडतो आणि पलीकडे वर चढतो. चढताना जेवढी उंची कमी पडली, तेवढी ऊर्जा पट्टीने घेतली. 27 ज्यूल घेणारी पट्टी त्याला 13 सेंटिमीटर खाली रोखते. आमच्या 10 अंशांच्या पट्टीने त्याला जेमतेम साडेचार सेंटिमीटर रोखलं.

तुटलेली तोंडंही तेच सांगतात. 41 अंशांच्या पट्टीचं तोंड मळकट, तंतुमय आहे आणि कडा बाहेर फुगल्यात, म्हणजे तुटण्याआधी धातू ताणला गेला. 10 अंशांची सपाट, दाणेदार, चकाकणारी आहे, कडा जशाच्या तशा. तुटलेल्या कडीचं तोंड हुबेहूब असंच आहे. पोलाद तेच, पण थंडीत त्याचा ताणला जाण्याचा गुण संपतो, आणि या प्लेटमध्ये तो बदल नेमका आपल्या हिवाळ्याच्या तापमानात येतो. टेन्साइल चाचणीत हे दिसत नाही. तुमच्या प्रमाणपत्रातले ते आकडे ठीकच आहेत, आणि त्यावर माझा आक्षेपही नाही. चार्पीच्या ज्यूलवरून कडी किती वजन पेलेल हे काढता येत नाही, हेही मी जाणतो. पण माल BR आहे की नाही, ते त्यावरूनच ठरतं.

आठही प्लेट परत घ्याव्यात आणि त्यांच्या जागी 25 अंशांना तपासलेला माल द्यावा. सध्याचं प्रमाणपत्र रद्द करून नव्यावर प्रत्यक्ष तापमान आणि तिन्ही पट्ट्यांचे वेगवेगळे आकडे लिहावेत. याच हीट नंबरचा माल आणखी कोणाला गेला असेल तर त्यांना आजच कळवा, कारण नागपूरची थंडी अजून संपलेली नाही.

नऊ पट्ट्यांचे अठरा तुकडे, तुटलेली कडी आणि उरलेली प्लेट मी जपून ठेवली आहे. तुमच्या माणसासमोर पुन्हा चाचणी करायची असल्यास पट्ट्या त्याच प्लेटमधून काढू. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं.

आपला ग्राहक,
(सही)
हिंगणा एमआयडीसी, नागपूर