गिधाडे, म्हशीचे इंजेक्शन आणि नीतीच्या तीन पायऱ्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील पर्यावरणनीतीवरचा लेख वाचला. मानवकेंद्री, जीवकेंद्री आणि परिसंस्थाकेंद्री अशा तीन दृष्टिकोनांची ओळख त्यात सोप्या भाषेत करून दिली आहे. पण लेखाची मांडणी जिन्यासारखी झाली आहे: खालच्या पायरीवर स्वार्थी माणूस, मधल्या पायरीवर प्रत्येक जीवाची कणव असणारा, आणि सगळ्यात वर अख्ख्या निसर्गाचा विचार करणारा. जणू एक पायरी चढली की पुढची आपोआप येते. माझी सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात, रायगड जिल्ह्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, वरच्या दोन पायऱ्या एकमेकींशी भांडतात, आणि हे भांडण आपल्याच गोठ्यात झालेले आहे. गिधाडांचे उदाहरण घेतो.

डायक्लोफिनॅक हे वेदना, सूज आणि ताप कमी करणारे औषध. माणसांसाठी ते आधीपासून होतेच. नव्वदच्या दशकात ते स्वस्त झाले आणि जनावरांसाठी सर्रास वापरात आले. कासदाहाने कास दगडासारखी झालेली म्हैस धारेला हात लावू देत नाही. लंगडणारा बैल जूवाला खांदा देत नाही. इंजेक्शन दिले की तासा-दोन तासांत जनावर वैरणीकडे तोंड वळवते. शेतकऱ्याच्या दृष्टीने दूध वाचले, पेरणी वाचली. हा मानवकेंद्री हिशेब. पण जीवकेंद्री हिशेबही इथे तितकाच चोख जुळतो. पॉल टेलर या तत्त्वज्ञाने १९८६ मध्ये मांडले की, प्रत्येक सजीवाला स्वतःचे असे हित असते आणि ते माणसाच्या उपयोगावर अवलंबून नसते. त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः रानातले जीव होते, पण तोच विचार गोठ्यात आणला तर दुखणाऱ्या म्हशीचे दुखणे थांबवणे हेच योग्य ठरते. पहिल्या दोन्ही कसोट्यांवर हे इंजेक्शन निर्दोष उतरत होते.

आता गिधाडाच्या बाजूने पाहू. उपचारानंतर एक-दोन दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात, विशेषतः यकृतात आणि मूत्रपिंडात राहतो. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून टाकले जाते. कातडे काढणारा कातडे नेतो आणि उरलेल्यावर गिधाडे उतरतात. डायक्लोफिनॅकने गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि युरिक ॲसिड शरीराबाहेर पडेनासे होते. पक्षी मान खाली टाकून फांदीवर बसून राहतो आणि काही दिवसांत मरतो. शवविच्छेदनात काळीज, यकृत, मूत्रपिंडे यांच्यावर खडूची भुकटी शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो. हे कारण संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून शोधले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळातल्या ९९.९ टक्के घसरणीच्या वाटेवर बरीच पुढे गेली होती.

इतक्या मोठ्या संहारासाठी किती ढोरे विषारी असायला हवीत? गणिती अभ्यासातून निघालेले उत्तर असे: दर ७६० मृत जनावरांमागे एक ते दर १३० मागे एक एवढ्या प्रमाणात घातक अंश असला, तरी ही घसरण होऊ शकते. एका ढोरावर डझनावारी गिधाडे बसतात, दर काही दिवसांनी नवे ढोर शोधतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे तूट भरून निघत नाही.

जीवकेंद्री विचार नेमका इथे अडखळतो. त्याची नजर एकेका जीवावर असते. समोरची म्हैस दिसते. तिला दिलेल्या इंजेक्शनमुळे कोणते गिधाड मरेल, मरेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. शेकडो जनावरांपैकी बहुतेक बरी होतात, त्यांचा कोणालाच त्रास नाही. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर दयेचाच दिसतो. एकत्र पाहिल्यावर मात्र एक जात संपताना दिसते. आल्डो लिओपोल्ड हे अमेरिकेतले वनाधिकारी. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्यांनी जी कसोटी दिली ती या ठिकाणी उपयोगी पडते: कृतीचा परिणाम माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी मिळून झालेल्या समुदायावर काय होतो ते पाहा. परिसंस्थाकेंद्री विचार म्हणतात तो हाच. त्याच्या लेखी गिधाड हा एक पक्षी नसून मेलेल्या जनावराचा मातीपर्यंतचा प्रवास पुरा करणारा दुवा आहे. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली, तेव्हा मुख्य मुद्दा जात नष्ट होण्याचाच होता.

म्हणजे तिसरी पायरी जिंकली, असे पुरवणीतला लेख वाचून कोणी म्हणेल. पण तिची किंमतही सांगायला हवी. कोणते वेदनाशामक गिधाडांना घातक आहे हे ठरवण्यासाठी ते गिधाडांना देऊन पाहावे लागते. पर्यायी औषध म्हणून मेलॉक्सिकॅम सुरक्षित ठरले, ते पिंजऱ्यातल्या गिधाडांना देऊन. किटोप्रोफेन हे दुसरे वेदनाशामक घातक ठरले ते दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत गिधाडे मेली म्हणून. हरयाणात पिंजोरच्या प्रजनन केंद्रात गिधाडांना वेदनाशामकाचा अंश नसलेले मांस द्यावे लागते, म्हणून शेळ्या आधी निगराणीत ठेवून मग कापल्या जातात. जातीसाठी काही जीव मुद्दाम मारायचे, हे जीवकेंद्री माणसाला मान्य होणे अवघड आहे आणि त्याचा आक्षेप पोकळ नाही. समुदायाच्या भल्यासाठी एकेकाचा बळी देणाऱ्या या विचाराला टॉम रीगन या तत्त्वज्ञाने ‘पर्यावरणीय फॅसिझम’ म्हटले होते. शब्द जहाल आहे, पण चाचणीच्या पिंजऱ्यातल्या गिधाडाच्या बाजूने पाहिले तर त्याला अगदीच आधार नाही असे मला म्हणवत नाही. भटक्या कुत्र्यांचा वाद तर आपल्या रोजच्या पानांवर असतो. गिधाडे गेल्यावर उघड्यावरच्या ढोरांवर कुत्री पोसली गेली. ती कमी करा म्हणणारा आणि त्यांना हात लावू नका म्हणणारा, दोघेही स्वतःला निसर्गप्रेमीच म्हणवतात.

मानवकेंद्री विचाराकडे लेखकाने जरा नाक मुरडूनच पाहिले आहे. त्यावर माझे म्हणणे थोडे लांब आहे, कारण खेड्यात बंदी पाळली जाते की नाही हे याच विचारावर ठरते. २००६ नंतरही इंजेक्शने थांबली नाहीत. जनावरांसाठीची बाटली बंद झाली, पण माणसांसाठीची ३० मिलिची बाटली औषधांच्या दुकानात मिळत होती. हिशेब साधा आहे. किलोमागे १ मिलिग्रॅम धरला तर ४०० किलोच्या म्हशीला ४०० मिलिग्रॅम लागते. मिलिमध्ये २५ मिलिग्रॅम असल्याने १६ मिलि पुरते. एका बाटलीत जवळजवळ दोन म्हशी. २०१५ मध्ये सरकारने माणसांचे इंजेक्शन ३ मिलिच्या एकाच मात्रेपुरते मर्यादित केले. तशा एका कुपीत ७५ मिलिग्रॅम, म्हणजे एका म्हशीसाठी पाच-सहा कुप्या फोडायच्या. पैसे जास्त आणि खटाटोपही. गिधाडांवरच्या व्याख्यानांनी जे झाले नसते, ते कुपीच्या आकाराने बऱ्याच अंशी साधले. मेलॉक्सिकॅम स्वीकारले गेले, त्यामागचे कारणही असेच आहे: म्हशीचा ताप त्यानेही उतरतो, आणि उत्पादन वाढल्यावर ते परवडू लागले. पर्याय नसता तर म्हैस कण्हत ठेवा असे सांगायला कोणत्या तोंडाने गोठ्यात गेलो असतो?

माणसाच्या बाजूचा सर्वांत मोठा आकडा मात्र फार उशिरा आला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी गिधाडे भरपूर असलेले जिल्हे आणि मुळातच कमी असलेले जिल्हे यांची तुलना केली. २००० ते २००५ या काळात पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांचे मृत्यू वाढले आणि ते वर्षाला सुमारे एक लाख जादा भरतात, असा त्यांचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कुजणारी ढोरे, दूषित पाणी, कुत्री आणि रेबीज ही त्यांनी मांडलेली साखळी. हा आकडा १९९५ मध्ये हातात असता तर बंदी दहा वर्षे आधी आली असती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आकडा गिधाडे गेल्यामुळेच काढता आला. उपयोगावर उभ्या असलेल्या युक्तिवादाची हीच मर्यादा आहे: उपयोग कळतो तो वस्तू गेल्यावर. शिवाय उद्या प्रत्येक तालुक्यात ढोरे जाळण्याची भट्टी बसली, तर त्याच युक्तिवादाने गिधाड अनावश्यक ठरेल. मुंबईच्या डुंगरवाडीत, जिथे पारशी मृतदेह गिधाडांसाठी ठेवले जात, तिथे पारशी समाजाला गिधाडांच्या जागी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. काम काही प्रमाणात होते, पण ज्यांच्या अंत्यविधीत पक्ष्याला स्थान होते त्यांना विचारा, यंत्राने जागा भरली का.

त्यामुळे लेखकाने विचारलेला ‘आपण कोणत्या पायरीवर आहोत?’ हा प्रश्न मला कामाचा वाटत नाही. गिधाडांच्या प्रकरणात तिघांनी तीन वेगळी कामे केली. बंदी का हवी हे समुदायाच्या विचाराने सांगितले. म्हशीची वेदना दुर्लक्षून चालणार नाही, पर्यायी औषध द्याच, हा आग्रह एकेका जीवाच्या विचारातून येतो. आणि बंदी गोठ्यापर्यंत पोहोचली ती किंमत आणि कुपी यांच्या हिशेबाने. जिथे तिघांचे पटत नाही, तिथे निवड करावी लागते आणि माझी निवड जातीच्या बाजूने आहे. कारण मेलेल्या गिधाडाच्या जागी दुसरे येऊ शकते, जात मात्र परत येत नाही. मग चाचणीत मेलेल्या पक्ष्यांचे ओझे हा निर्णय घेणाऱ्याने घ्यायला हवे.

शेवटी एक मागणी, जी आपण छापावी म्हणून हे पत्र. ॲसिक्लोफिनॅक हे आणखी एक वेदनाशामक गायी-म्हशींच्या शरीरात गेल्यावर त्याचेच डायक्लोफिनॅक होते. हे माहीत असूनही त्यावर आणि किटोप्रोफेनवर जनावरांसाठी बंदी यायला २०२३ उजाडले. दरवेळी औषध आधी बाजारात, गिधाडे नंतर पाहू, असाच क्रम राहिला आहे. तो उलटा करावा: जनावरांसाठीच्या कोणत्याही नव्या वेदनाशामकाला परवाना देण्यापूर्वी, गिधाडांना ते सुरक्षित असल्याचा पुरावा कंपनीने तिच्या खर्चाने द्यावा. पिंजोरला वाढवलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली आहेत. ती जंगलाची हद्द ओळखत नाहीत. आसपासच्या गावांत टाकलेल्या ढोरांवर उतरणारच. त्या तालुक्यांतल्या औषध दुकानांची तपासणी वन खाते, अन्न व औषध प्रशासन आणि पशुसंवर्धन खाते यांनी मिळून करावी, आणि काय सापडले ते जाहीर करावे.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
जि. रायगड