सही करू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा मी पैसे देणार नाही म्हणालो आणि तू फोन ठेवून दिलास. बरोबरच केलंस, मीही तुझ्या जागी ठेवला असता. पण ठेवता ठेवता तू नवऱ्याच्या कर्जाबद्दल एक वाक्य बोललीस, 'मग मला जामीन राहावं लागेल', आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. केलीस का सही? केली नसलीस तर हे पत्र संपेपर्यंत तरी करू नकोस.

जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे, बाळ. लोकांचा तसा समज असतो, मीही तसंच सांगून पप्पूकाकाची सही घेतली होती. 'नुसतं नाव लागतंय रे, हप्ते मी भरणार.' हप्ते थकले की कर्ज देणाऱ्याने आधी तुझ्या नवऱ्यालाच शोधायला हवं असं नाही, तो सरळ तुझ्या दारात येऊ शकतो. तुझा पगार ठरलेल्या तारखेला येतो ना, मग तर तुझ्याकडेच आधी येईल. काकाने ते किती वर्षं फेडलं ते तुला माहीत आहे. आपल्या घरी त्याचं येणं का थांबलं, तेही आता कळलं असेल.

तू म्हणशील, बाबांनी कुणाला शिकवावं! खरं आहे. १९ वर्षं झाली सोडून, तरी दारूड्यावर बोलताना माझी जीभ अडखळते. पण एक गोष्ट तुझ्या आईपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, ती म्हणजे पैसे काढणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं. तुझी आई पहिल्यांदा मागितले की नाही म्हणायची, दुसऱ्यांदा रडायची, तिसऱ्यांदा द्यायची. म्हणून मी तीनदा मागायचो. त्यात राग वगैरे काही नसायचं, हिशेब असायचा. तिने दहाव्या वेळी दिले असते तर मी दहा वेळा मागितले असते. तेव्हा तू 'नाही' म्हटल्यावर पहिले काही आठवडे तो जास्त ओरडेल, जास्त गोड बोलेल, आजारी पडेल, मुलाची शपथ घेईल. तेव्हा आपलं चुकलं असं वाटून घेऊ नकोस. जुनी किल्ली लागेना म्हणून तो ती जोरात फिरवून बघत असतो. त्या दिवसांत एकदा दिलेस, तर किती जोर लावायचा एवढंच तो शिकेल.

मी पुन्हा व्याख्यान द्यायला लागलो. आई दारातून बघून गेली. जरा कामाचं लिहितो.

तुझा पगार तुम्हा दोघांच्या खात्यात जमा होतो, आणि त्यातून दोघांपैकी कुणीही काढू शकतं. म्हणजे त्याने सगळं काढून घेतलं तरी बँक त्याला अडवणार नाही. तू दुसऱ्या बँकेत फक्त स्वतःच्या नावाचं खातं काढ. त्याच बँकेत नको. संदेश तुझ्याच फोनवर येतील असं बघ, आणि फोनचा पिन बदल, कारण जुना त्याला पाठ आहे. मग ऑफिसात अर्ज देऊन पगार तिकडे वळव. आपोआप कापले जाणारे हप्तेही एकेक करून तिकडे ने, पण सगळे नको. कुठला न्यायचा आणि कुठला नाही, इथेच सगळी मेख आहे.

आईने एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती. ते पान माझ्याकडे अजून आहे, निळ्या ट्रंकेत. डावीकडे, न भरल्यास तुझ्यावर आणि दादावर येईल ते: घरभाडं, वीज, शाळेची फी, औषधं. उजवीकडे, न भरल्यास फक्त माझ्यावर येईल ते: माझ्या गाडीचा हप्ता, माझा दंड, माझ्या उधाऱ्या, माझ्या मित्रांचे 'हातउसने'. डावीकडचं ती स्वतः जाऊन भरायची, रोख माझ्या हातात कधी द्यायची नाही. 'फी भरायला जातोय' म्हणून घेतलेल्या पैशांचं मी काय करायचो ते वेगळं सांगायला नको. उजवीकडच्याला ती हात लावायची नाही. गाडी ओढून नेली तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. तिनेच नेली असंच मला वाटत होतं.

आत्ता तू ज्या कर्जासाठी सही करायला निघाली आहेस, ते कुठल्या बाजूचं आहे? माझ्याकडे मागितलेस ते पैसे कुठल्या बाजूचे होते? म्हणून मी नाही म्हटलं, मनू. मुलाच्या फीचे असतील तर शाळेचा खातेक्रमांक पाठव, मी आजच भरतो. सही न केलेलं त्याचं कर्ज तुझ्यावर येतं का, हा प्रश्न कायद्याचा आहे. तो एखाद्या वकिलाला विचार, त्याच्या मित्राला नको.

दुसरी गोष्ट ऑफिसची. तू तीन वेळा त्याच्या साहेबांना 'ताप आहे' म्हणून कळवलंस, हे दादाने सांगितलं. (त्याच्यावर चिडू नकोस.) आईही कळवायची. एके सकाळी मी पलंगाखाली चप्पल शोधत होतो आणि तिने टेलिफोन लांब वायरीसकट ओढत आणला, नंबर फिरवला आणि रिसिव्हर माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, 'तुम्हीच सांगा.' पलीकडून 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होतं. मी काय बोललो ते आठवत नाही, पण काळ्या रिसिव्हरवर माझ्याच हाताची थरथर दिसत होती ती आठवते. इतकी वर्षं तो हात तिने झाकला होता. त्या दिवशी मी सोडली नाही. सोडायला अजून दीड वर्ष लागलं. पण आपला हात थरथरतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

त्याला सांगायचं ते सकाळी सांग, तो शुद्धीवर असताना, आणि एकदाच. 'तू पिऊ नकोस' हे तुझ्या हातात नाही, ते सांगण्यात दम घालवू नकोस. तू काय करणार तेवढं सांग: मी कर्जावर सही करणार नाही, ऑफिसला फोन करणार नाही, तू पिऊन गाडी चालवणार असशील तर मी आणि मुलगा त्यात बसणार नाही, आणि तू डॉक्टरकडे यायला तयार असशील त्या दिवशी रजा काढून सोबत येईन. जे करणार नाहीस ते बोलू नकोस. 'घर सोडून जाईन' असं आई वर्षातून चारदा म्हणायची आणि मला शांत झोप लागायची.

आणि मनू, तो हात उचलतो का? मी फोनवर विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पैसे बंद झाले की काही माणसं तिथूनच सुरू करतात. तसं वाटत असेल तर हे समोर बसून सांगूच नकोस. आधी कागद, थोडी रोकड आणि मुलाचे कपडे कुणा भरवशाच्या माणसाकडे ठेव, आणि इकडे ये. मग खातं नि सही सगळं मागाहून बघू.

दोन गोष्टी मात्र करू नकोस, कुणीही सुचवल्या तरी. बाटल्या ओतून त्याला खोलीत कोंडू नकोस. माझ्या मोठ्या भावाने मला तसं कोंडलं होतं, प्रेमानेच. सहा-सात तासांत अंगाला कंप सुटला, दुसऱ्या रात्री फिट आली, तिसऱ्या रात्री भिंतीतून मुंग्या निघताना दिसायला लागल्या आणि मी त्या झाडत बसलो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवतात, कंप आणि फिटा रोखणारी औषधं दिवसागणिक कमी करत नेतात, जोडीला ब-१ जीवनसत्त्व देतात. आणि 'त्याच्या नकळत घाला' म्हणून कुणी गोळ्या दिल्या तर फेकून दे. ते बहुतेक डायसल्फिराम असतं. ज्याने ठरवून, डॉक्टरला विचारून घेतलं त्याला त्याचा उपयोग होतो. नकळत दिलं आणि वरून तो प्याला तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. पिऊन पडलेला हाक मारून उठत नसेल, श्वास अडकत असेल, तर कुशीवर कर आणि रुग्णवाहिका बोलाव. तो काही त्याला पाठीशी घालण्याचा प्रकार नव्हे. तिथे तुझी वहीची रेघ पुसून टाक.

तू झोपतेस का ग? दादा म्हणाला, रात्री दोनला तुझा मेसेज येतो. आई शिवणाच्या क्लासला जाते असं तुला सांगायची ना, तो क्लास नव्हता. ती अल-अ‍ॅनॉनच्या सभेला जायची. पिणाऱ्यांसाठी एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, १९३५ साली निघाली आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही १९५१ साली, बायकांनीच काढलेली. मी पीत असतानाही ती जायची, कारण ती सभा माझ्यासाठी नव्हतीच. तिथून आली की जेवून सरळ झोपायची, माझी वाट बघत खिडकीत बसायची नाही. मला त्याचा फार राग यायचा. आणि तू, इतकी वर्षं दोघींनी एकही ब्लाउज घरी शिवला नाही, तरी कधी विचारलं नाहीस. तेव्हा तुला कळलं होतं का? तू लहानपणापासून फार शहाणी, आणि त्या शहाणपणात माझा किती वाटा आहे हे आठवलं की मला खाली बघावंसं वाटतं. तू नेमका पिणाराच नवरा केलास, तो माझ्यामुळे का, हे मी तुला कधी विचारणार नाही. आत्ता विचारलंच म्हणा.

सही केली असलीस तरी सांग. रागावणार नाही. कागदाची प्रत घेऊन वकिलाकडे जाऊ, मी येतो. फोन उशाशी ठेवतो.

तुझा,
बाबा

ता. क. आईने पत्र वाचलं. म्हणाली, रिसिव्हरचं बरोबर आहे, पण तो ठेवून ती आत गेली आणि भिंत धरून उभी राहिली, पायांत जोर नव्हता म्हणून. मला हे आज कळलं. मी तर समजत होतो की ती अगदी शांत होती.