आमचं गणित आमच्या पश्चात सुरू होतं

संपादक महोदय,

आपल्या अर्थविषयक पानावरचे मुलांसाठीच्या गुंतवणुकीचे लेख मी आवर्जून वाचते. त्या सगळ्यांत मूल शिकतं, कमावतं होतं आणि आईबाप मोकळे होतात. माझी मुलगी २२ वर्षांची, बौद्धिक दिव्यांग आहे. आमचं गणित आम्ही गेल्यावर सुरू होतं.

तिचा आजचा खर्च महिना ३० हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. महागाई ६ टक्के धरली तर तो १२ वर्षांत दुप्पट आणि २४ वर्षांत चौपट होतो. कर वजा जाता परतावा जेमतेम महागाईइतकाच मिळाला, तर आमच्यामागे ३० वर्षं पुरायला आजच्या पैशांत १ कोटी ८ लाख हवेत. वरच्या स्लॅबमध्ये एफडीचं व्याज कर भरल्यावर महागाईलाही गाठत नाही, म्हणून आमची निम्मी शिल्लक इक्विटी फंडांत आहे. बाजार पडला की यजमानांची झोप उडते, ते वेगळं.

तरी खरा घोळ रकमेत नसतो, नावांत असतो. मी बँकेत नोकरी केली. मुलीला नॉमिनी करून आईवडील निर्धास्त असत. दोघं गेल्यावर काका तिला काउंटरवर घेऊन येत, पण तिच्या सहीवर पैसे देता येत नसत. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांना ते लागू आहे. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्षाचा हिशेब द्यावा लागतो. हे आम्ही हयातीतच उरकलं.

दुसरी वाट अनेक घरांत दिसते: ‘फ्लॅट थोरल्याच्या नावे, तो धाकटीला बघेल.’ थोरला भलाच असतो. पण त्याचा धंदा बुडाला किंवा तो आधी गेला, तर फ्लॅट त्याच्या वारसांचा आणि धनकोंचा. धाकटीचा त्यावर कागदोपत्री हक्क नाही.

आम्ही मृत्युपत्रातूनच खासगी ट्रस्ट लिहिला आहे. आमच्यानंतर कोथरूडचा फ्लॅट आणि फंड त्यात जातील. लाभार्थी ती एकटी आणि तिचा हिस्सा पूर्ण, असं स्पष्ट लिहिलं आहे; त्यामुळे उत्पन्नावर तिच्याच स्लॅबने कर लागतो. ‘ट्रस्टींना योग्य वाटेल तसं’ एवढंच मोघम लिहिलं, तर काही वेळा सर्वोच्च दर लागू शकतो. वकिलाकडे जाताना हे वाक्य नीट पाहून घ्यावं.

ट्रस्टी दोघे, आमच्याहून वीसेक वर्षांनी लहान, आणि त्यांच्यात तिचा पालक नाही. पालक खर्च करील, ट्रस्टी बिलं तपासून पैसे देतील. एकाच माणसाकडे दोन्ही दिलं, तर विचारणारं कुणी उरत नाही. ती तर विचारणार नाहीच.

एक आई, कोथरूड, पुणे