चार म्हणजे पाच डॉट नव्हेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातला तारयंत्रावरचा लेख वाचला. लेखकाने जीव ओतून लिहिलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण लेखाशेजारच्या चौकटीत डॉट-डॅशच्या मोर्स संकेताचा जो तक्ता छापला आहे, तो पाहून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्मा पुसून पुन्हा उचललं. ४ या अंकापुढे पाच डॉट. त्याखाली ५ या अंकापुढेही पाच डॉट. छापण्याआधी कोणी तरी हे वाचलं असेलच ना?

मी या कामात आयुष्याची बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून ही चूक मला छपाईची किरकोळ चूक वाटत नाही. मोर्समध्ये प्रत्येक अंकाला पाच खुणा असतात. ४ म्हणजे चार डॉट आणि शेवटी एक डॅश (....-), ५ म्हणजे पाचही डॉट (.....). दोघांतला सगळा फरक शेवटच्या एका खुणेत आहे. आणि तो फरक किती वेळाचा? डॅश डॉटच्या तिप्पट लांब असतो. मिनिटाला २० शब्दांच्या गतीने तार ठोकली तर डॉट ०.०६ सेकंदाचा आणि डॅश ०.१८ सेकंदाचा. म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढ्या वेळात चाराचे पाच होतात. त्यात तार ऐकायच्या यंत्रातून, म्हणजे साउंडरमधून, सिनेमात ऐकू येतो तसा 'बीप' आवाज येत नाही, तो बिनतारी यंत्राचा. साउंडरची पट्टी खाली पडते तेव्हा एक 'कट्ट' आणि वर उचलली जाते तेव्हा दुसरा, थोडा वेगळा 'कट्ट'. डॉटलाही दोन कट्ट, डॅशलाही दोनच. डॉट की डॅश हे त्या दोन कट्टांच्या मधल्या शांततेवरून ओळखायचं असतं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. संध्याकाळची गर्दी, समोर फॉर्मचा ढीग आणि मनगट दुखायला लागलेलं. एका वृद्ध गृहस्थांची तार होती, ४ तारखेला येतोय, एवढीच. मी चार डॉट नीट ठोकले, पण शेवटच्या डॅशला तार ठोकायची किल्ली हातून लवकर सुटली. पलीकडच्याने ५ लिहिलं. तारेतले आकडे शेवटी पुन्हा ठोकून ताडून घ्यायचे हा नियम याचसाठी होता. तोही मी त्या दिवशी पाळला नाही, कारण मागे रांग होती. ते गृहस्थ ४ तारखेला उतरले आणि दुसऱ्या दिवशी माणसं न्यायला येईपर्यंत फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. परत आल्यावर ते आमच्या ऑफिसात आले. आवाज चढवला नाही. खिशातून तारेचा कागद काढून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "बाबा, हे चार आहे की पाच? मला नीट दिसत नाही." त्या दिवसापासून एकही आकडा मी परत ठोकल्याशिवाय सोडला नाही. म्हणून कालचा तक्ता पाहून मला राग आला, हे आपण समजून घ्याल.

आता लेखातल्या त्या वाक्याकडे येतो. 'वीज क्षणात धावते, म्हणून निरोपही क्षणात समुद्रापार गेला.' हे वाक्य वाचायला छान आहे, पण चूक आहे.

१८५८ साली अटलांटिकच्या तळाशी पहिली केबल पडली. १६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश तिच्यावरून अमेरिकेकडे पाठवला गेला. त्याला सुमारे १६ तास लागले. भागाकार करून पाहा, एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. वीज तेव्हाही हीच होती. केबल सदोष होती आणि अडखळत, पुन्हापुन्हा विचारत काम चाललं होतं, हे खरं. पण मूळ अडचण वेगळी होती. समुद्रातली केबल म्हणजे मधे तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चा नावाच्या रबरासारख्या चिकाचं आवरण आणि बाहेर खारं पाणी. अशी रचना वीज साठवते. किल्ली दाबली की आधी ती तीन हजार किलोमीटरांहून लांब केबल भरायला लागते. पलीकडच्या टोकाला प्रवाह एकदम येत नाही, हळूहळू चढतो. किल्ली सोडली की हळूहळूच उतरतो. तोवर पुढचा डॉट येऊन त्याच्या शेपटीवर चढतो. दोन खुणा एकमेकींत मिसळतात आणि पलीकडच्याला नुसता एक लांब फुगवटा दिसतो.

भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी हे आधीच गणिताने मांडलं होतं. केबल दुप्पट लांब केली तर हा उशीर दुप्पट होत नाही, चौपट होतो. पण केबल कंपनीचे इलेक्ट्रिशियन व्हाइटहाउस यांचा भरवसा जोरावर होता. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंतचा दाब तिच्यावर लावला. आधीच कमजोर असलेली केबल काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. विजेचा जोर वाढवून निरोप लवकर पोचत असता तर तीच केबल सर्वांत वेगवान ठरली असती.

१८६६ मध्ये आयर्लंडच्या व्हॅलेन्शियापासून न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंटपर्यंत जी केबल टिकली, तिच्यात तांबं वजनाने जवळजवळ तिप्पट होतं. तिच्यावर सुरुवातीला मिनिटाला आठेक शब्द जात. या हिशेबाने राणीचा तो संदेश सुमारे बारा मिनिटांत गेला असता. समुद्र तोच, वीजही तीच.

आणि इथेच आपल्या लेखात मोठी त्रुटी राहिली आहे. लेख म्हणतो, समुद्राखालूनही 'लांब आणि आखूड ठोके' जात. लांब केबलवर असं नव्हतं. डॅश म्हणून किल्ली तिप्पट वेळ धरून ठेवली तर केबल तेवढी जास्त भरते आणि रिकामी व्हायला तेवढा जास्त वेळ घेते. म्हणजे जमिनीवर ज्या लांबीने डॅश ओळखू येतो, तीच लांबी समुद्रात अडचण ठरते. म्हणून केबलवर डॉट आणि डॅश दोन्ही सारख्याच आखूड वेळाचे केले गेले आणि फरक ठेवला तो दिशेचा. प्रवाह एका दिशेने सोडला की डॉट, उलट्या दिशेने सोडला की डॅश. पाठवणाऱ्याच्या हाताखाली एकाऐवजी दोन किल्ल्या आल्या. पलीकडे थॉमसन यांचं आरशाचं यंत्र होतं. रेशमाच्या धाग्याला टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेले लोहचुंबकाचे बारीक तुकडे आणि आरशावर पडणाऱ्या दिव्याच्या उजेडाचा ठिपका. प्रवाह आला की ठिपका पट्टीवर एका बाजूला सरके, उलटा आला की दुसऱ्या बाजूला. अंधाऱ्या खोलीत एक जण ठिपक्याकडे डोळे लावून अक्षरं सांगे आणि दुसरा लिहून घेई. संकेत मोर्सचाच होता. कट्ट-कट्ट मात्र कुठेच नव्हतं, सगळं काम डोळ्यांवर होतं.

जमिनीवरच्या लांब मार्गांवर वेगळी युक्ती चाले. शेकडो मैल तारेतून गेल्यावर प्रवाह क्षीण होतो, पण मोर्सच्या निरोपाला त्या प्रवाहाकडून एकच गोष्ट हवी असते, 'आहे' की 'नाही'. क्षीण प्रवाहही एक हलकी लोखंडी पट्टी ओढू शकतो. ती पट्टी पुढच्या टप्प्याच्या ताज्या बॅटरीची जोडणी मिटवते आणि उघडते. याला रिले म्हणतात. मधल्या कुणी माणसाने निरोप वाचून पुन्हा ठोकायची गरजच उरत नाही. थरथरता, मलूल ठोका आत येतो आणि पलीकडे स्वच्छ ठोका बाहेर पडतो. याची मर्यादाही सांगायला हवी. रिलेची स्प्रिंग जास्त ताणलेली असेल तर तो उशिरा ओढला जातो, आणि आखूड डॉट सगळ्यात आधी गळून पडतात. ती ढिली ठेवली तर पावसाळ्यात तारेतून पाझरणाऱ्या विजेनेच पट्टी चिकटून बसते आणि सगळे ठोके जोडले जातात. समुद्राच्या तळाशी तेव्हा रिले ठेवता येत नव्हता, म्हणून तिथे आरसा आणि इथे रिले.

या रिलेमुळे काय झालं त्याचं उदाहरण लेखात यायला हवं होतं. १८६५ पासून लंडन आणि भारत यांच्यात तुर्कस्तान आणि इराणचं आखात यांमार्गे तार जायची, पण तिला कित्येक दिवस लागत. दर ठिकाणी कारकून निरोप वाचून पुन्हा ठोकत आणि त्यातल्या अनेकांना इंग्रजी येत नव्हतं. शब्द असे मोडत, की घेणाऱ्याला अर्थ लागू नये. मग सीमेन्स बंधूंनी लंडन, एम्डेन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस, तेहरान असा एकसंध मार्ग बांधला आणि वाटेत माणसाच्या हाताऐवजी रिले बसवले. १२ एप्रिल १८७० रोजी लंडनहून निघालेला निरोप २८ मिनिटांत कलकत्त्याला पोचला. दिवसांवरून मिनिटांवर आलं, ते वाटेतल्या कारकुनांची पुन्हा ठोकण्याची वेळ आणि चुका गेल्या म्हणून.

जाता जाता आणखी एक तक्रार. यापूर्वी आपल्या अंकातली एक चूक मी कळवली होती. आपण दुरुस्ती छापली, त्याबद्दल आभार. पण ती आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली, भिंग लावून वाचावी लागेल इतक्या बारीक टाइपात होती. चूक अर्ध्या पानाची आणि दुरुस्ती दोन ओळींची, हे बरं नाही. हा तक्ता कुणी मूल वहीत उतरवून घेईल, भावाबहिणीला भिंतीवर ठोकून निरोप पाठवेल आणि चाराचे पाच शिकेल.

म्हणून विनंती आहे, तक्ता पुन्हा छापावा. त्याच जागी, त्याच आकारात, आणि ४ पुढे असं:

....-

आपला,
एक निवृत्त तारबाबू