एचडीचे पैसे घेता, चित्र मात्र एसडीचं : सेट-टॉप बॉक्स आणि जोडणीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : चुकीची केबल, 576i वर सोडलेला एचडी बॉक्स आणि एसडी बॉक्सवर विकलेला एचडी पॅक याबाबत

महोदय,

माझ्या नावावर आपल्या कंपनीची दोन डीटीएच कनेक्शनं आहेत. एक हॉलमध्ये आणि एक सासूबाईंच्या खोलीत. दिवाळीत आम्ही हॉलसाठी ४३ इंची फुल एचडी टीव्ही घेतला. त्या वेळी आपल्या प्रतिनिधीने फोनवर आग्रह केला म्हणून हॉलमधला बॉक्स बदलून एचडी बॉक्स घेतला आणि दोन्ही कनेक्शनांना एचडी पॅक लावून घेतला. तेव्हापासून दोन्हींचं रिचार्ज एचडीच्या दराने चालू आहे. प्रत्यक्षात हॉलमध्ये आत्ता आत्तापर्यंत एसडी दर्जाचंच चित्र दिसत होतं आणि सासूबाईंच्या खोलीत एचडी चॅनेल आजही दिसत नाहीत. दोन्ही ठिकाणची कारणं वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळी मांडते.

आधी हॉलबद्दल. बॉक्स बसवायला आलेल्या आपल्या माणसाने तो टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या एव्ही केबलने जोडला. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं पोर्ट होतं, टीव्हीलाही होतं, पण ‘केबल सोबत आलेली नाही, यावरही दिसतं’ असं सांगून तो निघून गेला. दिसतं हे खरं, पण काय दिसतं? पिवळ्या पिनेतून जाणाऱ्या सिग्नलमध्ये एचडी चित्र मावतच नाही. बॉक्सने छत्रीवरून एचडी चॅनेल नीट घेतला, नीट उलगडला, तरी त्या पिनेतून बाहेर देताना त्याला ते चित्र 576i पर्यंत खाली आणावंच लागतं. ७२० गुणिले ५७६ म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. एचडीचं १९२० गुणिले १०८० चित्र वीस लाखांहून जास्त ठिपक्यांचं असतं, म्हणजे पाचपट. उरलेला तपशील बॉक्सच्या मागच्या बाजूलाच गळून पडतो आणि टीव्ही कितीही चांगला असला तरी तो परत आणू शकत नाही. टीव्ही तेच थोडे ठिपके ताणून ४३ इंचांवर पसरवतो. बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं कडांना फुटलेली आणि क्रिकेटच्या स्कोअरमधले ३ आणि ८ लांबून सारखेच, हे आम्ही रोज पाहत होतो.

आपल्या कस्टमर केअरला फोन केला की एकच प्रश्न यायचा : ‘चॅनेल लावल्यावर खालच्या पट्टीत HD लिहून येतं का?’ येतं म्हटलं की ‘मग एचडीच चालू आहे, मॅडम’ असं म्हणून तक्रार बंद. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते आपल्या माणसांना शिकवलेलं दिसतं म्हणून यावर मुद्दाम लिहिते. त्या पट्टीतलं HD हे चॅनेलचं नाव आहे. बॉक्समधून टीव्हीपर्यंत काय पोचतंय याच्याशी त्याचा संबंध नाही. ते पाहायचं तर टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवरचं Info बटण दाबावं लागतं. आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेल्या काकांनी ते दाबून दाखवलं, तेव्हा कोपऱ्यात स्रोत AV आणि त्याखाली 576i असं स्वच्छ लिहून आलं. आपल्या कस्टमर केअरने पहिल्याच फोनला एवढं बटण दाबायला सांगितलं असतं तर पुढचा सगळा मनस्ताप टळला असता.

काकांनी त्यांच्याकडची दीड मीटरची साधी एचडीएमआय केबल लावली. तरीही Info वर 576i च! कारण बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट 576i वर आणि चित्राचा आकार 4:3 वर ठेवलेला होता. म्हणजे केबल योग्य असली तरी बॉक्स तिच्यातून एसडी चित्रच पाठवत होता. मग Menu, त्यात Settings, त्यात Picture, तिथे Resolution 1080i आणि Aspect Ratio 16:9 असं केलं. पडदा क्षणभर काळा झाला, हे सेटिंग ठेवायचं का असं बॉक्सने विचारलं, OK दाबलं आणि चित्र उघडलं. स्कोअर सोफ्यावरून वाचता आला. आपल्याकडचे बहुतेक एचडी चॅनेल 1080i मध्येच येतात, त्यामुळे बॉक्सही 1080i वर ठेवला की चित्राची मध्येच उलटापालट होत नाही, असं काकांनी समजावलं. हे सगळं करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बसवणीचे पैसे घेणाऱ्या आपल्या माणसाला ते करता आलं नाही, की करायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं, याचं उत्तर मला हवं आहे.

आणखी एक. मी तक्रार केल्यावर आपल्याच माणसाने ‘एचडीसाठी भारी केबल लागते’ असं सांगून सोनेरी टोकांची महागडी केबल विकायचा प्रयत्न केला. 1080i ला साधी, चांगल्या स्थितीतली, कमी लांबीची एचडीएमआय केबल पूर्ण पुरते. ही जोडणी डिजिटल आहे. केबल खराब असली तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा सरळ No Signal येतं. चित्र नुसतं धूसर दिसणं हा खराब एचडीएमआय केबलचा दोष नसतोच. धूसर चित्रावर औषध म्हणून भारी केबल विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे.

आता सासूबाईंच्या खोलीतल्या कनेक्शनबद्दल. ही तक्रार जास्त गंभीर आहे. तिथला बॉक्स आपल्याच कंपनीचा, पण एसडीचा आहे. एचडी पॅक लावल्यापासून एचडी चॅनेलचा नंबर दाबला की पडदा काळा राहतो, आवाजही येत नाही. सासूबाईंना त्यांची संध्याकाळची मालिका जुन्या एसडी नंबरवरच पाहावी लागते, आणि त्याच मालिकेच्या एचडी चॅनेलचे पैसे मात्र दर महिन्याला कापले जातात. कस्टमर केअरने सांगितलं, ‘सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन एचडी करा.’ त्या बॉक्सच्या मेनूमध्ये रिझोल्यूशन हा पर्यायच नाही. फक्त 4:3 आणि 16:9 आहे, आणि त्याने चित्राचा आकार बदलतो, दर्जा नाही. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं पोर्टही नाही. आतल्या चिपलाच एचडी चित्र उलगडता येत नाही, म्हणून कोणतंही सेटिंग किंवा केबल तिथे उपयोगाची नाही. हे आपल्या नोंदीत दिसत नाही का? कोणत्या कनेक्शनवर कोणता बॉक्स आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी त्यावर एचडी पॅक चालू कसा होऊ दिला?

पाठपुरावा केल्यावर आपला दुसरा माणूस आला. त्याने एव्हीचं एचडीएमआय करणारी एक छोटी डबी काढली आणि ‘ही लावा, एचडी होईल’ म्हणाला. ती डबी फक्त पिन बदलते. तिच्यात शिरणारं चित्र 576i चंच असतं आणि जो चॅनेल बॉक्सला उलगडताच येत नाही तो तिने येणार नाही. आम्ही ती घेतली नाही. मग त्याने हॉलमधला एचडी बॉक्स त्या खोलीतल्या जुन्या २४ इंची एचडी रेडी टीव्हीला लावून पाहिला. हे योग्यच होतं. पण लावल्यावर त्याने आउटपुट 1080p केलं, टीव्हीवर Not Supported आलं, आणि ‘टीव्ही जुना झाला, नवा घ्या’ असं कागदावर लिहून तो गेला. आपल्या नोंदीत माझी तक्रार ‘ग्राहकाच्या टीव्हीतील दोष’ म्हणून बंद झाली आहे.

टीव्हीत दोष नाही. तो 1080p घेत नाही, एवढंच. पडदा काळा असल्यामुळे मेनूही दिसेना. म्हणून आम्ही एचडीएमआय तशीच ठेवून त्याच बॉक्सची एव्ही केबलही टीव्हीला जोडली आणि टीव्हीचा स्रोत AV केला. तिथे मेनू दिसला. Resolution 720p केलं, पुन्हा एचडीएमआयवर आलो, आणि एचडी चॅनेल त्याच ‘सदोष’ टीव्हीवर सुरेख दिसला. काही बॉक्सच्या रिमोटवर यासाठी V.Format नावाचं बटण असतं, ते दाबत गेलं की मेनूशिवायही रिझोल्यूशन बदलत जातं. आमच्या रिमोटवर ते नाही, पण आपल्या माणसाला एव्हीचा मार्ग माहीत असायला हवा होता. त्याच टीव्हीवर, त्याच छत्रीवर आणि त्याच वायरवर बॉक्स बदलताच एचडी दिसलं, याचा अर्थ अडचण एसडी बॉक्सचीच आहे.

त्यामुळे माझं म्हणणं असं. सासूबाईंच्या कनेक्शनवर एचडी पॅक चालू केल्यापासून आजपर्यंत एसडी आणि एचडी दरातला जो फरक घेतला तो पूर्ण परत करावा, कारण तिथे ती सेवा एक दिवसही मिळालेली नाही. त्या खोलीत एचडी बॉक्स बसवायचा असेल तर त्याची पूर्ण किंमत आधी लेखी कळवावी. आम्ही होकार देईपर्यंत पॅक एसडीवर आणावा. हॉलच्या कनेक्शनसाठी बॉक्स बसवल्यापासून केबल आणि सेटिंग दुरुस्त होईपर्यंतच्या काळातला फरक परत करावा आणि बॉक्ससोबत द्यायची एचडीएमआय केबल द्यावी. काकांची केबल आम्हाला परत करायची आहे. ‘ग्राहकाच्या टीव्हीतील दोष’ हा शेरा नोंदीतून काढून मला तसं कळवावं.

सोबत रिचार्जच्या पावत्या, टीव्हीवर AV आणि 576i दिसत असलेला फोटो, 1080i केल्यानंतरचा फोटो, एसडी बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो आणि आपल्या माणसाने दिलेल्या कागदाची प्रत जोडली आहे. या पत्राचा तक्रार क्रमांक मला कळवावा. समाधानकारक उत्तर आलं नाही तर मी आपल्या नोडल अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणार आहे.

आपली ग्राहक,
सातारा