सात बावन्नची चौथी सीट

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

कथा दोनदा वाचली. बायका चांगल्या उतरल्यात, गाडी मात्र खोटी वाटते. तुझी नायिका डोंबिवलीला सात बावन्नच्या फास्टमध्ये चढते आणि कल्याणहून आलेली बाई रोज रुमाल टाकून तिच्यासाठी खिडकी धरून ठेवते, तेही एक शब्द न बोलता. लेडीज डब्यात हे चार दिवससुद्धा चालणार नाही.

कल्याणहून सुटणारी गाडी फलाटाला लागायच्या आधीच बायका आत उड्या टाकतात. त्यात डोंबिवलीहून उलट कल्याणला जाऊन त्याच गाडीने परत येणाऱ्या, म्हणजे ‘रिटर्न’ मारणाऱ्याही असतात. गाडी सुटायच्या आतच बाकं भरतात आणि बाकांच्या मधल्या जागेत बायका उभ्या असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामी खिडकी डोंबिवलीपर्यंत कशी राहील? रुमालावर पहिला प्रश्न येतो, “कोणी आहे का इथे?” त्यावर धरणारीला “आहे” म्हणावंच लागतं. “कुठून चढणार?” “डोंबिवली.” की झालं भांडण सुरू. म्हणजे तुझ्या कथेत अबोला हवा असेल तर तो फक्त त्या दोघींमधला असेल. बाकी डब्याशी त्या बाईला रोज तोंड वाजवावं लागेल. ते लिहिलंस तर ती बाई एकदम खरी होईल, पण मग कथा भांडणाची होईल. तुला ती नको आहे, असं मला वाटतं.

त्यापेक्षा खिडकी सोड आणि चौथी सीट घे. बाक तिघींचं असतं, चौथी कडेला अर्धवट टेकते, एक पाय वाटेत. ही जागा रुमालाने धरता येत नाही, ती अंग चोरून तयार करावी लागते. तुझ्या बाईला वाटेच्या कडेला, तिसऱ्या जागेवर बसव. कल्याणपासून ती जरा सैल बसते, पर्स मांडीवर न घेता कडेला ठेवते. कुणी “सरका जरा” म्हटलं तर सरकायला उशीर लावते. डोंबिवलीला नायिका रेटारेटीतून आत येते, तेव्हा पर्स मांडीवर जाते आणि बाई खिडकीकडे वीतभर सरकते. मधली बाई कुरकुरते, पण सरकते. एवढं झालं की नायिका टेकली. इथे बोलायची गरजच नाही, आणि बाकीच्यांना हे सीट धरणं आहे हे कळायलाही काही दिवस जातील.

खरी गंमत पुढे आहे. डोंबिवलीनंतर फास्ट थेट ठाण्याला थांबते. ठाण्याला उतरणाऱ्या थोड्या आणि चढणाऱ्या फार. तुझ्या बाईला अंधेरीला नोकरी दे. 2014 मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून अंधेरीकडच्या बायका घाटकोपरलाच उतरतात. उतरायचं तर मुलुंड-भांडुपच्या सुमारासच उठून दाराकडे सरकावं लागतं, नाहीतर चढणारा लोंढा परत आत ढकलतो. ती उठली की चौथी आपोआप तिसरीवर सरकते, हा डब्याचा अलिखित कायदा आहे. म्हणजे चौथी सीट देताना तिने सीएसएमटीपर्यंतची पक्की सीटही दिलेली असते. पण ती स्वतः खिडकीत बसली असेल तर ते जमत नाही, कारण खिडकी मधलीला जाते. दुसरा धोका असा की ठाण्याला चढलेली कुणी तुझ्या बाईला आधीच “कुठे उतरणार?” विचारून सीट सांगून ठेवेल. तेव्हा तिने नुसती मान हलवून नायिकेकडे बोट करावं. सगळ्या कथेत तिचा एवढाच उघड इशारा ठेव.

शेवट मात्र मला पटला नाही. ती बाई अचानक यायची बंद होते आणि नायिका तिचा पत्ता शोधत फिरते. दोन वर्षं शेजारी बसूनही नाव माहीत नसणं अगदी शक्य आहे, पण मरण-आजारपण कशाला? गाडीच बदल. साधी गाडी एसी झाली की पास बदलतो, पैसे कितीतरी जास्त लागतात आणि ज्यांना ते परवडत नाही त्या मागच्या-पुढच्या गाडीत विखुरतात. ऑगस्ट 2022 मध्ये कळवा आणि बदलापूरला याच कारणावरून लोक रुळांवर आणि फलाटावर उतरले होते, आणि मध्य रेल्वेने नव्याने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. तुझ्या कथेत सात बावन्न एसी होऊ दे. नायिका आठ-पाचला जाईल, त्या डब्यात तिला कोणी ओळखत नसेल, आणि चौथी सीट मागायला पहिल्यांदा तोंड उघडावं लागेल. ती काय बोलेल ते तू ठरव. “जरा सरकता का?” पुरे होईल, मोठा संवाद घालू नकोस.

आणि पहिल्या पानावर गाडी पंधरा डब्यांची केलीस ती बारा कर. डब्यांची संख्या बदलली की लेडीज डबा फलाटावर कुठे येतो तेही बदलतं, आणि तुझी नायिका रोज ‘त्याच खांबापाशी’ उभी आहे.

नवीन खर्डा झाला की पाठव.

तुझी,
आई