मोळी सोडू का, बाई?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त केंद्रप्रमुख. नोकरीत असताना तुमच्या खात्याला पाठवलेले माझे सगळे कागद ठरलेल्या नमुन्यात होते. हे पत्र तसं नाही, म्हणून जरा सैल हाताने लिहितो. एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. नाव लिहीत नाही, कारण नाव कळलं की सत्काराचं पत्र निघतं, आणि सत्काराच्या दिवशी शाळा बंद राहते.

बालाघाटच्या डोंगरातलं गाव. दोन शिक्षकी शाळा. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन साखर कारखान्यांकडे निघतं. मुलांना गावीच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तरी काही मुलं आईबापाबरोबर जातातच. धाकट्याला तिकडच्या झोपडीत, कोपीत, कोण सांभाळणार?

दुसरीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर 43 वजा 17 लिहिलं. एका मुलीने उत्तर काढलं 34. मी तेव्हा शाळाभेटीला गेलो होतो, मागे बसून बघत होतो. मला वाटलं, ही आपल्या भाषेची अडचण. आपण म्हणतो ‘त्रेचाळीस’, म्हणजे तीन आधी ऐकू येतो आणि चार मागून. मुलं 43 च्या जागी 34 लिहितात, तसंच हिने काहीतरी उलटं केलं असणार. (2019 साली दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ आलं, तेव्हा विधानसभेपर्यंत थट्टा झाली. ज्यांनी थट्टा केली त्यांनी कधी दुसरीला शिकवलं नसावं.) बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिला दुसरं गणित दिलं, 61 वजा 25. उत्तर आलं 44.

तिथे माझा तर्क पडला. 44 उलटं करा की सुलटं, 44 च राहतं. पोरीने आकडे उलटे केलेच नव्हते. एकातून पाच जात नाहीत म्हणून तिने पाचातून एक घालवला होता, चार. मग सहातून दोन, चार. पहिल्या गणितातही सातातून तीन, चार, आणि चारातून एक, तीन. तिच्या दृष्टीने प्रत्येक घर ही वेगळी वजाबाकी होती. डावीकडचा चार म्हणजे चाळीस आहेत, त्यातले दहा सोडवून उजवीकडे आणता येतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. ‘शेजारून एक उसना घे’ असं आपण सांगतो. शेजारून एक आणला आणि तो दहा कसा झाला, हे मात्र सांगत नाही.

बाईंनी यावर काय काय करून पाहिलं ते सांगतो, कारण फसलेले प्रयोग कुठल्या अहवालात येत नाहीत.

आधी रस्त्यावरच्या धाब्यावरून बाटल्यांची झाकणं आणली. निळं म्हणजे दहा, पांढरं म्हणजे एक. दिसायला फार सुरेख. मुलं ‘तीन निळी, चार पांढरी, चौतीस’ असं घडाघडा म्हणायची. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी पाहिलं, मुलं झाकणांची अदलाबदल करत होती, एका निळ्याला एक पांढरं. निळं झाकण दहाचं आहे असं खरंच वाटत असतं, तर ते एका पांढऱ्यावर कुणी दिलं असतं का? दहा ही गोष्ट बाईंनी फक्त सांगितली होती, झाकणात ती कुठे दिसत नव्हती.

मग चिंचोके. दहा दहा मोजून जुन्या कापडाच्या पुरचुंड्या बांधल्या. आत दहा होते खरे, पण पुरचुंडी बांधली की दिसेनासे झाले, आणि गाठ सोडायला मुलांची नखं पुरेनात. उरलेले चिंचोके फरशीच्या फटींत गेले.

शेवटी तुराट्या. गावात तुरीला तोटा नाही. जानेवारीत तुरी झोडपून झाल्या की बांधावर तुराट्यांचे ढीग पडतात आणि चुलीत जातात. बाईंनी पेन्सिलीहून बारीक फांद्या निवडल्या, साल काढून सहा सहा इंचांचे तुकडे केले, टोकं दगडावर घासली. टोकं घासायची राहिली तर हातात कुसळं जातात, आणि मुलं दुसऱ्या दिवशी काड्यांना हात लावत नाहीत. जाडी शक्यतो सारखी ठेवावी लागते, कारण एक जाड काडी मुलाला ‘जास्त’ वाटते. पावसाळ्यात त्यांना भुंगा लागतो, खाली पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं, काड्या गेल्या. त्याचं दुःख नाही, पुढच्या जानेवारीत शेत तिथंच आहे.

खरी अडचण होती दहा काड्या बांधायच्या कशाने. दोऱ्याची गाठ मुलांना सुटत नाही, रबर बँड उन्हाने चिकट होऊन तुटतो. सायकलची वॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या यांपासून अरविंद गुप्तांनी केलेली खेळणी बाईंनी पाहिली होती, त्यावरून त्या पंक्चरच्या दुकानात गेल्या. वॉल्व्ह ट्यूब एका काडीपुरतीच. पण तिथेच टाकून दिलेली सायकलची मोठी ट्यूब होती. ती आडवी कापली की रबराची कडी निघते. जेमतेम तीन मिलिमीटर रुंद कापायची, आतली भुकटी धुऊन टाकायची. दहा तुराट्यांभोवती एक वेढा दिला तर कडी ढिली पडते, दोन वेढे दिले की घट्ट बसते आणि सहा वर्षांच्या बोटांनाही सुटते. मोटारसायकलच्या ट्यूबची कडी जाड निघाली, मुलांच्या हाताने ताणेना. ती फेकली नाही. दहा जुड्या एकत्र बांधायला ती बरोबर पुरली.

आता या जुडीला म्हणायचं काय? पुस्तकात आहे दशक. एका पोराने ती हातात धरली आणि म्हणाला, “ही तर मोळी.” ऊसतोडीच्या घरचं पोर, दुसरं काय म्हणणार? दुसऱ्याने लगेच हरकत घेतली, “मोळीत दहाच कुठं असतेत?” बाई म्हणाल्या, “रानातली मोळी कितीची का असेना, शाळेची मोळी दहाची.” तेव्हापासून एकाला काडी, दहाला मोळी आणि शंभराला भारा.

पुन्हा 43 वजा 17. मुलीसमोर चार मोळ्या आणि तीन सुट्ट्या काड्या. सतरा काढून दे, बाई म्हणाल्या. तिने एक मोळी उचलून बाजूला ठेवली, दहा झाले. अजून सात हवेत. सुट्ट्या तीनच. ती थांबली. बाईही थांबल्या. मला राहवत नव्हतं, आपल्या धंद्यात गप्प बसणं अवघड जातं. बऱ्याच वेळाने पोर म्हणाली, “बाई, मोळी सोडू का?”

कडी निघाली, काड्या पसरल्या. तीन आणि दहा, तेरा सुट्ट्या. त्यातून सात उचलल्या, सहा राहिल्या. मोळ्या राहिल्या दोन. सव्वीस. मग बाईंनी वहीत चारावर काट मारून वर तीन लिहायला शिकवलं, आणि उजवीकडच्या तिनाच्या डोक्यावर तेरा. ती खूण मुलीला नव्याने समजावावी लागली नाही, ती तिने आत्ताच हाताने केली होती. बेरजेतला ‘हातचा’ही असाच सुटला. सुट्ट्या दहा झाल्या की मोळी बांधायची आणि पलीकडे ठेवायची.

या काड्या कायमच्या नव्हेत. वर्ग पुढे गेला आणि हजाराचे आकडे आले की काड्या कुठवर मोजणार? तिथे दहाच्या नोटा, झाकणं, सगळं चालतं. फक्त आधी मोळी सोडून झालेली पाहिजे.

आता तुमच्या खात्याचा विषय. त्याच शाळेच्या कपाटात गणिताची एक पेटी आहे, वरून आलेली. त्यात दहाचे प्लॅस्टिकचे दांडे आहेत, रंगीत, चांगले. पण दांडा अखंड आहे. तो सोडता येत नाही, त्याच्या बदल्यात दहा सुटे घ्यावे लागतात. हेही शिकवता येतं. पण पेटी कपाटातून निघतच नाही, कारण ती डेड स्टॉक रजिस्टरला चढवलेली आहे. एक दांडा हरवला तर मुख्याध्यापकाच्या गळ्याशी येतं. तपासणीला पेटी पूर्ण भरलेली हवी, आणि ती पूर्ण राहण्याचा एकच उपाय, मुलांच्या हाती न देणं. माझ्या नोकरीत मीही अशा भरलेल्या पेट्यांपुढे ‘साहित्य सुस्थितीत’ असा शेरा मारला आहे. तो शेरा खरंतर तक्रार म्हणून लिहायला हवा होता.

तुराटीची नोंद कुठेच नाही. ती मोडते, घरी जाते, कान कोरायला वापरली जाते. तिच्यावर कुणाची सही नाही, म्हणून ती मुलांच्या हातात राहते.

पूर्वी सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला अशा साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत. 2018 मध्ये समग्र शिक्षा आलं आणि साहित्याचा खर्च शाळेच्या एकत्रित अनुदानात गेला. तिथे वीजबिल आणि नळदुरुस्ती आधी नंबर लावतात. पंक्चरवाला जीएसटीचं बिल देत नाही. त्याने ट्यूब फुकट दिली म्हणून हा प्रयोग झाला. बाईंचा खर्च म्हणजे कात्री आणि घासकागद, तोही पदरचा. ते पाचशे परत द्या, शिक्षकाच्या साध्या सहीच्या पावतीवर. मुलांनी वापरायचं गणिताचं साहित्य खडूसारखं वापरून संपणारं धरा, डेड स्टॉकातून काढा. आणि कृपा करून ‘टाकाऊतून टिकाऊ’ची स्पर्धा जाहीर करू नका. स्पर्धा लागली की थर्माकोल विकत आणला जातो, त्याला चमकी लागते, लिंकवर फोटो चढतो, आणि टेबलापुढे पाटी येते, ‘हात लावू नये’.

ती मुलगी त्या वर्षी आईबापाबरोबर गेलीच. जाताना बाईंनी तिच्या दप्तरात एक भारा दिला, शंभर काड्या. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर पाडव्याच्या आसपास ती परत आली. बाईंच्या टेबलावर तिने पिशवी उपडी केली, मोळ्या बांधल्या आणि सांगितलं, “आठ मोळ्या, सात सुट्ट्या. तेरा आईनं चुलीत घातल्या, सरपण ओलं होतं.”

साहेब, पेटीतला दांडा हरवला तर तो नोंदीतून काढायचा, निर्लेखनाचा, प्रस्ताव कसा करायचा ते मला पाठ आहे. या तेरा काड्यांचा कसा करायचा, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख